नांगरटीत सापडलेलं लाल खापर किती जुनं? माती, लेप आणि नक्षी यांवरून काळ कसा ठरवायचा

गोदावरी, प्रवरा, घोड, भीमा या नद्यांच्या काठच्या शेतांत नांगरट झाली आणि वर एक चांगला पाऊस पडून गेला, की मातीतली लाल खापरं धुऊन लख्ख होतात. त्यातल्या एखाद्यावर काळ्या रेघा दिसल्या की फोटो निघतो आणि कोणीतरी ‘सातवाहनकालीन’ असं ठोकून देतं. काळ्या रेघांचं लाल खापर सातवाहनांच्याही हजार वर्षं आधीचं असू शकतं. ते शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कुंभारवाड्यातलं असू शकतं. नुसत्या फोटोवरून हा फरक कळत नाही. तुकडा हातात घेऊन, ठरावीक क्रमाने पाहिला तर मात्र पुष्कळदा कळतो.

हा लेख मुद्दाम एवढ्याच प्रश्नापुरता ठेवला आहे: महाराष्ट्राच्या पठारावर, विशेषतः गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांत सापडलेलं लाल, शक्यतो रंगवलेलं खापर. कोकण किनारा आणि पूर्व विदर्भ यांचं गणित वेगळं आहे, त्यातली विदर्भाची वेगळी वाट जाता जाता सांगेन.

क्रम असा ठेवायचा: आधी मोड, म्हणजे तुटलेल्या कडेला दिसणारा आतला भाग, मग पृष्ठभाग, शेवटी नक्षी. आपली नजर उलटी चालते, ती आधी नक्षीवर जाते. पण तिरप्या रेघा, जाळी, नागमोडी ओळी या साध्या खुणा प्रत्येक काळातल्या कुंभाराने काढल्या आहेत. लेप पावसाने आणि नांगराच्या घासण्याने उडून जातो. मोडीच्या आत मात्र माती कशी मळली, त्यात काय मिसळलं आणि भट्टीत किती आच लागली हे तीन हजार वर्षांनीही जसंच्या तसं असतं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

उचलण्याआधी

खापर जिथे दिसलं तिथेच असताना त्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा, शेताचा गट क्रमांक लिहा. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा. संरक्षित स्मारक किंवा संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ असेल तर तिथून काहीही उचलायचं नाही, फोटोवर थांबायचं. नाणी, धातूच्या वस्तू किंवा मौल्यवान काही निघालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, त्यामुळे खापरांची खरेदी-विक्री या भानगडीत पडूच नये.

आता आजूबाजूची जमीन पाहा. काळ्या रानात मध्येच राखाडी-पांढरट, भुसभुशीत मातीचा उंचवटा असेल तर ती पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. शेकडो वर्षांची राख, शेण, घरांच्या भिंतींची माती साठून ती तशी झालेली असते. इथलं खापर बहुधा इथलंच. पण पांढरीची माती सुपीक म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकायची जुनी रीत आहे. उकिरड्याच्या खताबरोबर घरातली फुटकी मडकी शेतात जातात. हल्ली तलावांचा गाळही टाकतात. तेव्हा शेतमालकाला, त्याहूनही त्याच्या वडिलांना विचारा: या रानात बाहेरची माती कधी पडली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर तुकड्याचा काळ ठरवता येईल, पण त्यावरून त्या शेतात वस्ती होती असं म्हणता येणार नाही.

काळ्या जमिनीचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्या. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वरचं खापर आत जातं, पावसात माती फुगते आणि खालचं वर येतं. त्यामुळे शेतात तीन काळांची खापरं शेजारी शेजारी पडलेली असतात. शेजारी नाणं सापडलं म्हणून खापर त्या नाण्याच्या काळाचं, असा हिशेब इथे चालत नाही.

तुकड्याच्या कडा बोटाने चाचपा. कडा धारदार असतील तर तो फार हललेला नाही. गोल, गुळगुळीत झाल्या असतील तर तो पाण्यातून किंवा अनेक नांगरटींतून आलेला आहे.

धुणं आणि ताजी मोड

साध्या पाण्यात, मऊ दातघाशीने धुवा. आधी एक कोपरा ओला करून पाहा. कच्चं भाजलेलं खापर पाण्यात पीठ सोडतं, तसं झालं तर कोरड्या ब्रशनेच माती झटका. रंगवलेल्या भागावर ब्रश फिरवायचा नाही, ओल्या कापसाने टिपायचं. चुनखडीचा पांढरा थर बसलेला असेल तर तो तसाच राहू द्या. अनेकजण त्यावर लिंबू किंवा आम्ल वापरतात. त्याने थर जातो, पण मातीतले चुनखडीचे कणही विरघळतात आणि आपण ज्याच्यावरून अंदाज करणार तो पुरावाच जातो. सावलीत एक-दोन दिवस पूर्ण वाळवा. ओलं खापर रंगाने गडद दिसतं आणि वाजवलं तर बद्द वाजतं, त्यामुळे ओलेपणी काढलेला कुठलाही निष्कर्ष खरा धरू नका.

जुन्या मोडीवर माती आणि क्षार बसलेले असतात. आत पाहायचं तर ताजी मोड हवी. तुकडा साधा असेल, त्याच्यासारखे दुसरे बरेच असतील आणि तो काठाचा किंवा रंगवलेला नसेल, तरच पकडीने कोपऱ्याची तीन-चार मिलिमीटरची कपची काढा. रंगवलेल्या तुकड्याची मोड कधीही काढू नका. नांगराच्या फाळाने एखादी ताजी मोड आयतीच झालेली असते, ती शोधा. मग सूर्यप्रकाशात, दहापट दाखवणाऱ्या भिंगाने पाहा.

माती: मोडीत काय शोधायचं

पहिली गोष्ट, गाभ्याचा रंग. मोड आरपार एकसारखी लाल-नारिंगी असेल तर भट्टीत पुरेशी आच लागली, हवा खेळली आणि भांडं पुरेसा वेळ आत राहिलं. दोन्ही कडा लाल आणि मध्ये करडा-काळा पट्टा असेल तर मातीतला भुसा, शेण, लीद असा सेंद्रिय अंश आतपर्यंत जळला नाही. घाईत भाजलेल्या भाकरीचा आतला भाग कच्चा राहावा तसंच हे. हा काळा गाभा दिसला की पुष्कळजण ‘फार प्राचीन’ म्हणतात. तसं नाही. जाड बुडाच्या रांजणाचा गाभा आजही काळा राहतो. गाभा पाहताना भिंतीची जाडी बरोबर मोजा: पाच मिलिमीटरच्या भिंतीत काळा गाभा असणं आणि दीड सेंटिमीटरच्या भिंतीत असणं यांचा अर्थ वेगळा.

दुसरी गोष्ट, माती किती गाळलेली आहे. इ.स.पू. १४०० ते १००० या काळातली जोर्वे पद्धतीची चांगली भांडी इथे वेगळी उठून दिसतात. माती बारीक गाळलेली, मोड दाट, भोकं जवळजवळ नाहीत, आरपार लाल. चांगला वाळलेला तुकडा नखाने टिचकला तर धातूसारखा खणखणीत वाजतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून या भांड्यांना हे नाव पडलं. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथल्या उत्खननांतून त्यांचा काळ पक्का झाला.

त्याच्या आधीची, साधारण इ.स.पू. १६०० ते १४०० या काळातली माळवा पद्धतीची भांडी पाहा. मोडीत बारीक लांबट पोकळ्या दिसतात. मातीत चिरलेला भुसा किंवा गवत मिसळलेलं असतं, भाजताना ते जळून जातं आणि त्याच्या आकाराची रिकामी जागा उरते. रंग पिवळट-बदामीकडे झुकणारा, भाजणी जोर्वेपेक्षा कमी, टिचकीचा आवाजही उतरता.

सातवाहन काळातली, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स.च्या तिसऱ्या शतकापर्यंतची रोजच्या वापराची लाल भांडी मध्यम पोताची असतात. मोडीत रेतीचे कण डोळ्यांना दिसतात, गाभा पुष्कळदा करडा असतो आणि खरी सफाई वरच्या लाल लेपात असते. जोर्वेची सफाई आतल्या मातीत, सातवाहनांची सफाई वरच्या लेपात, एवढं धरून ठेवलं तरी शेतात निम्मा घोळ मिटतो. दोन्हीकडे अपवाद आहेत. जोर्वे काळातल्याच जाड, हाताने घडवलेल्या करड्या-तांबड्या रांजणांची माती भरडच असते. इनामगावला लहान मुलांची दफनं अशाच कुंभांत सापडली. त्यामुळे भरड माती दिसली म्हणजे जोर्वे नव्हे, असं म्हणता येत नाही. बारीक, दाट, खणखणीत लाल माती दिसली की जोर्वेचा विचार करायचा, एवढंच उलट बाजूने चालतं.

आता एक सापळा. मंगळुरी कौलाचा तुकडा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना सुरू केला आणि ही कौलं पुढे सगळीकडे पसरली. माती बारीक, रंग सुरेख नारिंगी, मोड आरपार लाल, आवाजही खणखणीत. वर सांगितलेल्या प्रत्येक खुणेत ते जोर्वेसारखं बसतं, आणि म्हणूनच फसवतं. ओळखायची खूण वक्रतेत आहे. मडक्याचा तुकडा दोन दिशांनी वळलेला असतो, निदान आडव्या दिशेने तरी गोलाई असतेच. कौल सपाट असतं, त्याला साच्याच्या सरळ कडा आणि खाचा असतात, जाडी साच्याने ठरवलेली असते. चाकावरच्या समांतर रेषा त्यावर कुठेही नसतात. सपाट मेजावर तुकडा ठेवून पाहा: डुलत नसेल तर तो कौलाचा किंवा विटेचा आहे हे आधी तपासा, मग पुढे जा. नळीची देशी कौलं मात्र वळणदार असतात. त्यांची वक्रता एकाच दिशेने असते, आणि ती आखूड, भरड मातीची असतात.

पृष्ठभाग: चाक, लेप, घोटाई

आधी आतली बाजू पाहा, बाहेरची नंतर. आत एकमेकींना समांतर बारीक रेषा असतील तर भांडं फिरत्या चाकावर ओढलेलं आहे. बोटाएवढे उथळ खळगे असतील तर आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून भिंत पातळ केलेली आहे. जाडी जागोजागी बदलत असेल आणि रेषा नसतील तर हातघडणी. यातून थेट काळ निघत नाही, पण भांडं कोणत्या प्रकारचं होतं ते कळतं, आणि त्यावरून कोणत्या गटाशी तुलना करायची ते ठरतं.

लेप म्हणजे बारीक गाळलेल्या मातीच्या पाण्यात बुडवून किंवा फासून दिलेला पातळ थर. तो आहे की नाही हे मोडीच्या कडेवर भिंगाने पाहायचं. गाभ्यापेक्षा वेगळ्या रंगाची, कागदाएवढी पातळ पट्टी कडेला दिसली तर लेप. पट्टी नसेल, रंग आतपर्यंत तसाच असेल, तर दिसतो तो मातीचाच रंग. माळव्याच्या भांड्यांना नारिंगी किंवा बदामी लेप असतो. जोर्वेचा पृष्ठभाग निस्तेज, चमक नसलेला, वीट-लाल ते नारिंगी. सातवाहन काळातला लाल लेप जाड, पुष्कळदा घोटलेला आणि झिजलेल्या जागी पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. तुकडा तिरप्या उन्हात फिरवा: घोटाईचे पट्टे असतील तर ते चमकून जातात.

काळा-तांबडा तुकडा हा स्वतंत्र विषय आहे, पण लाल खापराच्या शेजारी तो नेहमी सापडतो म्हणून सांगतो. आतली बाजू आणि काठ काळा, बाहेरचा खालचा भाग लाल, असं ते असतं. भांडं भट्टीत उपडं ठेवलं की आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नाही, तिथे काळेपणा येतो. चुलीची काजळी बाहेरून, बुडाला बसते आणि ओल्या कापसाला लागते. भट्टीतला काळेपणा मात्र मातीत मुरलेला असतो आणि घासून जात नाही. विदर्भात, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या परिसरात असं खापर लोहयुगातल्या शिलावर्तुळांशी जोडलेलं असतं. पण पश्चिम महाराष्ट्रात हाच प्रकार सातवाहन थरांतही भरपूर येतो. नेवासे-पैठणकडचा काळा-तांबडा तुकडा केवळ त्या रंगावरून लोहयुगात ढकलू नये.

काचेसारखी चमक असेल, नखाने ओरखडा उमटत नसेल, मोडीच्या कडेला काचेचा थर दिसत असेल, तर तो लेप नव्हे, ती काचेरी झिलई. निळी-हिरवी झिलई असलेली भांडी पश्चिम आशियातून सातवाहन काळापासून मध्ययुगापर्यंत येत राहिली, त्यामुळे एकटी झिलईही काळ सांगत नाही. मोड पांढरीशुभ्र असेल तर ते चिनी माती, आणि शेतात पडलेल्या बहुतेक अशा तुकड्यांचं घर म्हणजे गेल्या दीडशे वर्षांतली कपबशी किंवा लोणच्याची बरणी. अभ्रकाची झळाळी मात्र दोन-तीन काळांत येते, तिच्यावर एकटीवर काळ ठरवू नये.

काठ असेल तर व्यास काढा

नक्षीकडे जाण्याआधी आकार. पोटाच्या दहा तुकड्यांपेक्षा काठाचा एक तुकडा जास्त बोलतो. कागदावर एकाच मध्यबिंदूभोवती एकेक सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळं काढा. काठ उपडा करून सपाट मेजावर ठेवा आणि मागेपुढे झुकवत राहा, मेज आणि काठ यांच्यामधून उजेड दिसेनासा होईपर्यंत. हीच भांड्याच्या भिंतीची मूळ कलती. मग तोच काठ वर्तुळांवर ठेवून कोणत्या वर्तुळाशी जुळतो ते पाहा. काठाचा निदान तीन-चार सेंटिमीटर भाग शिल्लक असला तरच हा व्यास विश्वासाचा.

जोर्वेची ओळख सांगणारे आकार दोन. एक, आत वळलेल्या अंतर्गोल भिंतीचा आणि मध्यावर धारदार कंगोरा असलेला वाडगा. दुसरा, लांब नळीसारखी तोटी असलेला, उंच मानेचा, गोल पोटाचा गडू. पोटाच्या तुकड्यावर कडक कोन जाणवला, आतून बाहेरून दोन्हीकडून, तर तो कंगोरा आहे. कंगोरा बोटाला लागतो, डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही.

नक्षी

आधी एक चाचणी: रंग भाजण्याआधी दिलेला आहे की नंतर? ओल्या कापसाने हलकेच टिपा. भाजण्याआधी दिलेला रंग पृष्ठभागात मुरलेला असतो आणि उतरत नाही. उतरला तर तो नंतरचा रंग, डाग किंवा मुळांनी सोडलेला काळा क्षार. मुळांच्या खुणा फांद्या फुटल्यासारख्या पसरतात आणि मोडीवरूनही जातात. चित्रकाराची रेघ मोडीपाशी थांबते. हा फरक लक्षात ठेवा, कारण शेतातल्या खापरांवर ‘चित्र’ म्हणून दाखवलेल्या बऱ्याच रेघा मुळांच्या असतात.

जोर्वेची नक्षी काळी, भूमितीची आणि काटकसरीची. काठाखाली दोन आडव्या रेघांच्या मध्ये तिरप्या समांतर रेघा, जाळीने भरलेले चौकोन किंवा पतंगाचे आकार, शिडीसारखे पट्टे. प्राणी क्वचित. माळव्यात नक्षी जास्त दाट, रंग काळा किंवा गडद तपकिरी, आणि हरीण, बैल, मोर, माणसं अशी चित्रंही येतात. तापीच्या खोऱ्यात सावळदा पद्धतीची आणखी जुनी भांडी मिळतात. त्यांवर तपकिरी लेप, तडकलेला पृष्ठभाग आणि हत्यारं, मासे अशी चित्रं असतात. उत्तर खानदेशात शेत असेल तर हा पर्याय डोक्यात ठेवा, भीमेकाठी नको.

सातवाहन काळात रंगवलेली नक्षी कमी होते. तेव्हा ठसा, कोरीव खाचा आणि वर चिकटवलेल्या मातीच्या पट्ट्या दिसतात. कर्नाटकाच्या बाजूला लाल लेपावर पांढऱ्या रेघांची भांडी येतात. म्हणजे लाल खापरावर पांढरी रेघ आणि काळी रेघ यांत अनेक शतकांचं अंतर असू शकतं. बोटाने दाबून केलेली मातीची पट्टी मात्र जोर्वेच्या रांजणांवरही असते आणि गेल्या शतकातल्या धान्याच्या कोठीवरही. तिच्यावरून काळ काढू नका.

एक तुकडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

उदाहरण म्हणून प्रवरेच्या काठच्या, पांढरीला लागून असलेल्या शेतातला हा तुकडा घेऊ. साडेसहा सेंटिमीटर रुंद, काठ शिल्लक, जाडी पाच मिलिमीटर. शेतमालक सांगतो की या रानात बाहेरची माती आली नाही. कडा धारदार आहेत. म्हणजे तो फार दुरून आलेला नाही, एवढं गृहीत धरता येतं.

फाळाने झालेली मोड एका बाजूला आहे. आरपार वीट-लाल, रेती नगण्य, लांबट पोकळ्या नाहीत. वाळलेला तुकडा टिचकला तर खणखणीत. माळवा जवळपास बाद झाला: भुशाच्या खुणा नाहीत, भाजणी पक्की. सातवाहन रोजचं लाल भांडंही मागे पडलं, कारण गाभा करडा नाही आणि माती फार बारीक आहे. पण सातवाहन काळातलं उत्तम, चकचकीत घोटलेलं लाल भांडंही बारीक मातीचं असतं, त्यामुळे ते अजून शर्यतीत आहे. कौलही आहे.

पृष्ठभाग पाहू. आत समांतर रेषा, म्हणजे चाकावरचं भांडं, आणि तुकडा मेजावर डुलतो. कौल गेलं. मोडीच्या कडेला वेगळी पट्टी दिसत नाही, बाहेरून चमक नाही. त्या घोटलेल्या लाल भांड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, तेजदार असतो. निस्तेजपणा झिजेमुळेही येतो, म्हणून काठाच्या आतल्या, झाकलेल्या भागात पाहायचं. तिथेही चमक नाही. सातवाहन पर्याय बराच कमजोर झाला.

काठ उपडा करून व्यास काढला: अठरा सेंटिमीटर. भिंत आत वळते आणि काठापासून चार सेंटिमीटरवर बोटाला धारदार कोन लागतो. कंगोऱ्याचा वाडगा. आणि शेवटी नक्षी: काठाखाली दोन आडव्या काळ्या रेघा, त्यांच्यामध्ये तिरप्या रेघा, त्या मोडीपाशी तुटलेल्या, कापसाला न लागणाऱ्या.

इथे तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोलतात, म्हणून जोर्वे म्हणायला हरकत नाही. आता वर्षं. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या जोर्वे वस्त्या इ.स.पू. १०००च्या सुमारास ओस पडल्या. म्हणून या तुकड्याला इ.स.पू. १४०० ते १०००. हाच तुकडा जर घोड नदीच्या काठी, इनामगावच्या परिसरात मिळाला असता, तर गणित बदललं असतं. तिथे वस्ती पुढे इ.स.पू. ७००पर्यंत चालू राहिली आणि भांडी हळूहळू भरड, फिकी, कमी रंगवलेली होत गेली. तिथे सुबक तुकडा आधीच्या टप्प्यात ठेवता येतो, पण मध्यम प्रतीच्या तुकड्याला १४०० ते ७०० असा रुंद पट्टाच द्यावा लागतो. खोरं बदललं की त्याच खापराचा पट्टा तीनशे वर्षांनी रुंद होतो. म्हणून जागेची नोंद नसलेलं खापर निम्मं निरुपयोगी असतं.

चारशे वर्षांच्या पट्ट्याहून बारीक तारीख एका तुकड्यावरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रयोगशाळेत तापदीप्ती पद्धतीने भांडं शेवटचं कधी भाजलं ते मोजता येतं, पण त्यासाठी तुकडा ज्या मातीत होता तिची किरणोत्सारी मात्राही लागते. नांगराने कितीदा फिरवलेला पृष्ठभागावरचा तुकडा त्यासाठी वाईट नमुना आहे.

शेजारचे तुकडे मोजा, गोळा करू नका

एक खापर काळाचा अंदाज देतं, शंभर खापरं वस्तीचा. दोरीने पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखा आणि त्यातली खापरं जागेवरच मोजा: साधी लाल, रंगवलेली, काळी-तांबडी, करडी भरड, झिलईची, चिनी माती. रंगवलेल्या लाल खापरांबरोबर गारगोटीसारख्या चकचकीत दगडाची दोन बोटं लांब, धारदार पाती असतील तर ताम्रपाषाणयुगाची, म्हणजे माळवा-जोर्वे काळाची बाजू भक्कम होते. लोखंडाची मळी आणि काळी-तांबडी खापरं एकत्र असतील तर नंतरचा काळ. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, झिलई आणि चिनी माती यांचा गठ्ठा असेल तर मध्ययुग ते आजपर्यंतची गल्लत, आणि मग तुमचा एकुलता एक जोर्वे तुकडा पांढरीच्या मातीबरोबर आलेला असण्याची शक्यता परत विचारात घ्या.

नोंदीत तुमचा निष्कर्ष आणि त्याचं कारण वेगवेगळं लिहा. ‘जोर्वे, इ.स.पू. १४००–१०००’ एवढंच लिहिलं तर पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही. वरच्या तुकड्याची चिठ्ठी अशी: ‘वाडग्याचा काठ, व्यास १८ सें.मी., जाडी ५ मि.मी.; मोड आरपार लाल, बारीक; लेप दिसत नाही, चमक नाही; चाकावरचा; बाहेरून काळ्या रेघा, भाजण्याआधीच्या; कंगोरा काठाखाली ४ सें.मी.; कडा धारदार. अंदाज: जोर्वे.’ तिच्यावर तारीख, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि सोबतच्या मोजणीचा आकडा. फोटो तीन: बाहेरून, आतून, आणि मोड भिंगातून.

एवढी नोंद आणि फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवता येतात. तुकडा सोबत न्यायचा असेल तर तो कापसात नव्हे, कागदात गुंडाळा, कारण कापसाचे तंतू रंगाच्या कडांना चिकटतात. प्रत्येक तुकड्याची पिशवी वेगळी, आणि चिठ्ठी पिशवीच्या आतही ठेवा, बाहेरही लावा.